वर्कशीटच्या फोटोवरून अणुरचनेचा तक्ता भरायचाय? पुसट आकड्यांसकट एक-एक ओळ सोडवून बघू

जुलैमधे मुंबईत पाऊस लागला की शाळा बुडते आणि संध्याकाळी वर्गाच्या ग्रुपवर वर्कशीटचा फोटो येऊन पडतो. तिरका असतो, वर ट्यूबलाइटची चकाकी, एका कोपऱ्यात कुणाचा तरी अंगठा, आणि त्यात अणुरचनेचा तक्ता. काही चौकटी भरलेल्या, बाकीच्या आपण भरायच्या. सेमी इंग्लिशवाल्यांचा अजून एक घोळ असतो, तक्ता इंग्रजीतला आणि घरी समजावणारे आईबाबा मराठी मिडियमचे, त्यामुळे अणुअंक म्हणजे यातला नेमका कुठला कॉलम हेच आधी शोधावं लागतं. तक्ता भरायचं गणित तसं चौथीतल्या बेरीज-वजाबाकीचंच आहे, पण फोटोत एक आकडा चुकीचा वाचला गेला की अख्खी ओळ चुकते आणि वर ती बरोबरच दिसत राहते. म्हणून मी इथे भरायची पद्धत आणि वाचलेला आकडा तपासायची पद्धत एकत्रच सांगतोय.

आधी फोटोचं बघा

शक्य असेल तर फोटो परत मागवा, आणि ग्रुपवर नुसता फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. साध्या फोटोची साइज पाठवताना कमी होते आणि त्यात सगळ्यात आधी वाट लागते ती बारीक अक्षरांची, म्हणजे संज्ञेच्या डोक्यावरच्या आणि पायाशी असलेल्या आकड्यांची, आणि आपलं सगळं काम तर त्यांच्यावरच. फोटो काढणाऱ्याला सांगा फ्लॅश बंद, कागद खिडकीजवळ सपाट ठेव, मोबाइल बरोबर वरून धर, आणि तक्ता मोठा असेल तर अर्ध्या-अर्ध्याचे दोन फोटो काढ. झेरॉक्स दोन्ही बाजूंनी असेल तर मागची छपाई पुढे उमटते आणि भलतेच आकडे दिसायला लागतात, अशा वेळी कागदाखाली काळी फाइल नाहीतर काळा कार्डपेपर ठेवला की मागचं बरंचसं दिसेनासं होतं. पावसात दमट झालेल्या कागदाची घडी पण त्रास देते, घडीची सावली एखाद्या आकड्याशेजारी आली की ती हुबेहूब वजाच्या चिन्हासारखी दिसते.

आता तक्ता वहीत हाताने उतरवून घ्या, थेट भरायला बसू नका. फोटोत छापलेले आकडे पेनाने, जे आपण काढणार ते पेन्सिलने, आणि जिथे शंका आहे तिथे आकड्याशेजारी प्रश्नचिन्ह. हे मुलांना फार कंटाळवाणं वाटतं मान्य आहे, पण पुढे काही जुळलं नाही की छापील आकडा कुठला आणि आपला कुठला हे कळायला दुसरा मार्ग नाही. कॉलमची शीर्षकं नीट वाचा, कारण त्यांचा क्रम दर वर्कशीटला वेगळा असतो. कुठे प्रोटॉन-न्यूट्रॉन-इलेक्ट्रॉन, कुठे प्रोटॉन-इलेक्ट्रॉन-न्यूट्रॉन, आणि सवयीने भरलं की न्यूट्रॉन इलेक्ट्रॉनच्या घरात जाऊन बसतात.

प्रत्येक ओळीत मोकळे आकडे तीनच

कॉलम सात असोत नाहीतर आठ, एका ओळीत स्वतंत्र माहिती तीनच असते. प्रोटॉन किती, यावरून मूलद्रव्य ठरतं. न्यूट्रॉन किती, यावरून त्या मूलद्रव्याचं कुठलं समस्थानिक ते ठरतं. आणि इलेक्ट्रॉन किती, यावरून अणू उदासीन आहे का त्याचा आयन झालाय ते ठरतं. बाकीचे कॉलम म्हणजे हेच तीन आकडे वेगळ्या वेशात. अणुअंक म्हणजे प्रोटॉनच. नाव आणि संज्ञा म्हणजे पण प्रोटॉनच, कारण ११ प्रोटॉन म्हटलं की ते सोडियमच, दुसरं काही असूच शकत नाही. वस्तुमानांक म्हणजे प्रोटॉन आणि न्यूट्रॉनची बेरीज. प्रभार म्हणजे प्रोटॉन वजा इलेक्ट्रॉन.

म्हणजे ओळ भरायला तीन वेगळ्या गोष्टी माहीत हव्यात. वर्कशीटमधे बहुतेक वेळा दोनच दिलेल्या दिसतात, कारण तिसरी गृहीत धरलेली असते: प्रभार लिहिलेला नसेल तर अणू उदासीन, म्हणजे इलेक्ट्रॉन प्रोटॉनइतकेच. आणि तीनपेक्षा जास्त दिलं असेल तर ते आपल्या फायद्याचं, कारण जास्तीचा आकडा पुसट आकड्याची खात्री करायला वापरता येतो. नाव आणि अणुअंक दोन्ही दिलेत म्हणून दोन गोष्टी मिळाल्या असं मात्र समजू नका, ती एकच माहिती दोनदा दिलीय.

वस्तुमानांकात इलेक्ट्रॉन का धरत नाहीत हे पोरं हमखास विचारतात. इलेक्ट्रॉनचं वस्तुमान प्रोटॉनच्या साधारण १८३६ व्या भागाइतकं असतं हे त्याचं नेहमीचं उत्तर. पण मला वाटतं त्याहून सरळ सांगता येतं: वस्तुमानांक हे वजन नाहीच मुळी, ती केंद्रकातल्या कणांची मोजणी आहे, आणि इलेक्ट्रॉन केंद्रकात नसतो. मोजणी आहे म्हणून तो कायम पूर्ण आकडा येतो. हे लक्षात ठेवा, पुढे ब्रोमीनच्या ओळीला लागणार आहे.

आता ओळी सोडवू

असल्या वर्कशीटमधे येतात तशा आठ ओळी घेतो, फोटोतल्या अडचणींसकट.

पहिली ओळ सोपी. Na, अणुअंक ११, वस्तुमानांक २३. प्रोटॉन ११, न्यूट्रॉन २३ वजा ११ म्हणजे १२, प्रभार नाही म्हणून इलेक्ट्रॉन ११. संज्ञेशेजारी वर-खाली दोन आकडे छापलेले असतील आणि त्यातला कुठला काय ते फोटोत कळत नसेल, तर मोठा आकडा वस्तुमानांक. हे उलटं कधीच होत नाही, कारण बेरीज तिच्यातल्या एका भागापेक्षा लहान असणार नाही.

दुसऱ्या ओळीत चकाकी पडलीय. संज्ञा C पासून सुरू होते आणि पुढचं अक्षर दिसतच नाही, प्रोटॉन १७, न्यूट्रॉन १८. इथे बरेच जण C बघून घाईत कार्बन लिहून मोकळे होतात. C पासून सुरू होणारी कितीतरी मूलद्रव्यं आहेत, कार्बन, कॅल्शियम, क्लोरीन, क्रोमियम, कोबाल्ट, कॉपर, पण १७ प्रोटॉनचं फक्त क्लोरीन. म्हणजे Cl, वस्तुमानांक ३५, इलेक्ट्रॉन १७. अक्षर आणि प्रोटॉन यांच्यात भांडण दिसलं तर आधी बघा त्या प्रोटॉनच्या मूलद्रव्याची संज्ञा उरलेल्या अक्षराशी जुळते का. जुळली तर प्रश्न मिटला, नाही जुळली तर प्रोटॉनचा आकडाच चुकीचा वाचलाय.

तिसरी ओळ Cl, वस्तुमानांक ३७. प्रोटॉन १७ आणि इलेक्ट्रॉन १७ हे न बघताच, न्यूट्रॉन २०. ही दुसऱ्या ओळीची जोडीदार आहे, तिच्याकडे समस्थानिकांच्या भागात परत येऊ.

चौथी H, वस्तुमानांक १. न्यूट्रॉन शून्य. चौकट रिकामी सोडायची नाही, डॅश पण काढायचा नाही, ० लिहायचा, कारण रिकामी चौकट म्हणजे पोराने सोडवलंच नाही असं वाटून मार्क जातो. साध्या हायड्रोजनच्या केंद्रकात खरंच एक प्रोटॉन सोडून काही नसतं.

पाचवी Mg, वस्तुमानांक २४, इलेक्ट्रॉन १०. मॅग्नेशियमचे प्रोटॉन १२, न्यूट्रॉन १२. इलेक्ट्रॉन १० म्हणजे दोन कमी, म्हणजे हा Mg²⁺ आहे आणि फोटो झूम केला तर संज्ञेच्या डोक्यावर बारीकसं काहीतरी छापलेलं सापडेल. ओळ आयनची असेल तर बदल फक्त इलेक्ट्रॉनच्या कॉलममधे होतो. काही मुलं प्लस दिसला की प्रोटॉन वाढवतात, तसं केलं तर मॅग्नेशियमचं सिलिकॉन होईल. प्लस म्हणजे इलेक्ट्रॉन गेले, मायनस म्हणजे इलेक्ट्रॉन आले, प्रोटॉन जागचे हलत नाहीत. याच ओळीत समजा इलेक्ट्रॉनची चौकट रिकामी असती आणि डोक्यावरचा 2+ फोटोत पुसला गेला असता, तर आपण निवांत १२ लिहिलं असतं आणि कुठलीही बेरीज आपल्याला अडवायला आली नसती. त्यामुळे संज्ञांच्या डोक्यावरची जागा प्रत्येक ओळीत झूम करून बघाच.

सहावी ओळ, जिथे दोन्ही उत्तरं जुळतात

ही ओळ मला सगळ्यात आवडते म्हणून जरा थांबून सांगतो. नाव आणि संज्ञा दोन्ही रिकाम्या. न्यूट्रॉन २०, इलेक्ट्रॉन १८, हे दोन्ही स्पष्ट. प्रभाराच्या कॉलममधे काहीतरी आहे, प्लस असेल नाहीतर झेरॉक्सचा डाग. आणि वस्तुमानांकाचा पहिला आकडा 3, दुसरा 8 का 9 ते कळत नाही.

समजा तो प्लस खरा आहे. मग प्रोटॉन १८ अधिक १ म्हणजे १९, म्हणजे पोटॅशियम, वस्तुमानांक १९ अधिक २०, ३९. पुसट आकडा 9 धरला तर सगळं जुळलं.

आता समजा तो डाग आहे. मग अणू उदासीन, प्रोटॉन १८, म्हणजे अरगॉन, वस्तुमानांक ३८. पुसट आकडा 8 धरला तर हे पण सगळं जुळलं.

बेरीज-वजाबाकी दोन्हीकडे चोख आहे. आणि अरगॉन-३८ काल्पनिक पण नाही, निसर्गात आहे, स्थिर आहे. म्हणजे नुसत्या गणिताने हा निकाल लागणारच नाही, कारण दोन आकडे एकाच वेळी पुसट आहेत आणि ते एकमेकांना सांभाळून घेतायत. एकच पुसट असता तर दुसऱ्याने त्याला पकडलं असतं.

इथे रसायनशास्त्राची थोडी माहिती लागते. निसर्गातलं पोटॅशियम ९३ टक्के पोटॅशियम-३९ असतं. अरगॉन मात्र जवळजवळ सगळा अरगॉन-४० असतो आणि अरगॉन-३८ एक टक्का पण नसतो. शाळेचं वर्कशीट बनवणारा माणूस अरगॉन घालायचा म्हटला तर ४० घालेल, ३८ शोधून कशाला घालेल? शिवाय तक्त्यात प्रभाराचा वेगळा कॉलम आहे म्हणजे त्याला आयनच्या ओळी द्यायच्यात. म्हणून माझं मत K⁺, ३९. पण हा अंदाज आहे, चांगला असला तरी अंदाजच, तेव्हा पेन्सिलने लिहा, प्रश्नचिन्ह राहू द्या आणि मूळ कागद ज्याच्याकडे आहे त्याला फक्त या एका चौकटीचा जवळून फोटो मागा. अख्ख्या पानाचा परत मागितला की परत तसाच येतो.

ब्रोमीनची ओळ आणि दशांशवाला आकडा

सातव्या ओळीत Br, अणुअंक ३५, आणि पुढे छापलंय 79.9. न्यूट्रॉन किती? ७९.९ वजा ३५ केलं तर ४४.९ येतात, आणि केंद्रकात न्यूट्रॉन एकतर पूर्ण असतो नाहीतर नसतो. दशांश दिसला की समजायचं हा वस्तुमानांक नाहीये, हे सरासरी अणुवस्तुमान आहे, आवर्तसारणीतून उचललेलं. क्लोरीनचं ३५.५, कॉपरचं ६३.५, हे सगळे त्याच घरातले.

वर्कशीटमधे अशा वेळी सरासरीला जवळचा पूर्ण आकडा घ्यायचा असतो, म्हणजे ८०, आणि न्यूट्रॉन ४५. मार्कांसाठी हेच लिहा. पण मूल जरा चौकस असेल तर त्याला पुढचं पण सांगा: निसर्गात ब्रोमीन-८० नाहीच! निसर्गातलं ब्रोमीन दोन प्रकारचं, ब्रोमीन-७९ आणि ब्रोमीन-८१, जवळपास निम्मं-निम्मं, त्यामुळे सरासरी दोघांच्या मधे पडते आणि आपण पूर्ण आकडा करायला गेलो की नेमका जो अणू नाहीये त्याचेच न्यूट्रॉन मोजून बसतो. खरे न्यूट्रॉन ४४ नाहीतर ४६. कॉपरचं पण असंच होतं, सरासरी ६३.५५ म्हणून पूर्ण आकडा ६४, आणि निसर्गात कॉपर-६३ आणि कॉपर-६५. सोडियम, फ्लोरिन, अ‍ॅल्युमिनियम यांच्यात हा त्रास नाही, कारण त्यांचं निसर्गात एकच समस्थानिक सापडतं. म्हणजे पूर्ण आकडा करायची युक्ती कधी खरी ठरते आणि कधी नुसती सोय असते ते मूलद्रव्यावर अवलंबून आहे. माझ्या मते वर्कशीट बनवणाऱ्यांनी ब्रोमीन आणि कॉपर घालताना वस्तुमानांक स्वच्छ लिहावा, पण आपलं ऐकतंय कोण.

आठवी ओळ U, प्रोटॉन ९२, न्यूट्रॉन १४६, आणि वस्तुमानांकाचा शेवटचा आकडा अंगठ्याखाली, फक्त 23 दिसतंय. बेरीज केली की २३८, संपलं. न्यूट्रॉन दिलेले नसते तर मात्र पंचाईत होती, कारण २३३, २३५ आणि २३८ तिन्ही खरी युरेनियम आहेत. इथे न्यूट्रॉन प्रोटॉनपेक्षा खूपच जास्त निघाले म्हणून दचकू नका. हलक्या मूलद्रव्यांत दोघं साधारण सारखे असतात, पुढे प्रोटॉन वाढले की त्यांचं एकमेकांना ढकलणं पण वाढतं आणि केंद्रक टिकायला न्यूट्रॉन जास्त लागतात. उलटं दिसलं, म्हणजे न्यूट्रॉन प्रोटॉनपेक्षा बरेच कमी निघाले, तर आकडा चुकीचा वाचलाय असं समजा. साधा हायड्रोजन त्याला अपवाद, आणि दोन प्रोटॉन-एक न्यूट्रॉनवाला हेलियम-३ पण.

समस्थानिकांचा प्रश्न

तक्त्याखाली हमखास विचारतात, यातली समस्थानिकं कोणती. प्रोटॉन सारखे आणि न्यूट्रॉन वेगळे अशा जोड्या शोधायच्या, आपल्या तक्त्यात दुसरी आणि तिसरी ओळ, क्लोरीन-३५ आणि क्लोरीन-३७. दोन ठिकाणी गल्लत होते. वस्तुमानांक सारखे दिसले की काहीजण जोडी लावतात, अरगॉन-४० आणि कॅल्शियम-४० सारखी, पण ती समभार झाली, मूलद्रव्यंच वेगळी. आणि Na सोबत Na⁺ दिला असेल तर ती पण समस्थानिकं नाहीत, तिथे फक्त इलेक्ट्रॉन बदललाय, केंद्रक तेच आहे.

क्लोरीनची सरासरी काढायला सांगितली तर ३५ आणि ३७ मिळवून दोनाने भागू नका, ३६ येईल. दर चार अणूंत साधारण तीन ३५ चे आणि एक ३७ चा असतो, म्हणून ३५ गुणिले ३ अधिक ३७, एकूण १४२, भागिले ४, उत्तर ३५.५.

हायड्रोजनची तिन्ही समस्थानिकं विचारली तर प्रोटॉन सगळीकडे १, न्यूट्रॉन अनुक्रमे ०, १, २. त्यातलं मधलं ड्युटेरियम, त्याचं पाणी म्हणजे जड पाणी. आपल्या ट्रॉम्बेच्या ध्रुव अणुभट्टीत हेच वापरतात, ती १९८५ साली सुरू झाली, आणि तिच्यात नैसर्गिक युरेनियम असतं, बहुतांश आठव्या ओळीतलं २३८ आणि जेमतेम ०.७ टक्के २३५. चेंबूरच्या पोरांना हे सांगितलं की तक्त्यात थोडा तरी जीव येतो.

फेअर करण्याआधीचा ताळा

सगळं भरून झालं की तक्ता असा दिसेल:

| संज्ञा | प्रोटॉन | न्यूट्रॉन | इलेक्ट्रॉन | वस्तुमानांक |
|---|---|---|---|---|
| Na | ११ | १२ | ११ | २३ |
| Cl | १७ | १८ | १७ | ३५ |
| Cl | १७ | २० | १७ | ३७ |
| H | १ | ० | १ | १ |
| Mg²⁺ | १२ | १२ | १० | २४ |
| K⁺ (?) | १९ | २० | १८ | ३९ |
| Br | ३५ | ४५ | ३५ | ८० |
| U | ९२ | १४६ | ९२ | २३८ |

आता उभ्या बेरजा करा. प्रोटॉन २०४, न्यूट्रॉन २७३, वस्तुमानांक ४७७. पहिल्या दोघांची बेरीज तिसऱ्याइतकी यायला हवी, आणि येते. इलेक्ट्रॉनची बेरीज २०१, म्हणजे प्रोटॉनपेक्षा ३ कमी, आणि आपल्या तक्त्यातले प्रभार मिळवले तर २ अधिक १, तीनच. पेन्सिलचं पेनात उतरवताना एखादा आकडा इकडचा तिकडे झाला असेल, किंवा न्यूट्रॉन इलेक्ट्रॉनच्या घरात गेले असतील, तर ताळा इथे बिघडतो आणि मग एक-एक ओळ तपासत जायचं.

सहाव्या ओळीसाठी मात्र या ताळ्याचा काही उपयोग नाही. तिथे Ar आणि ३८ लिहिलं तरी प्रोटॉन २०३, वस्तुमानांक ४७६, आणि प्रोटॉन-इलेक्ट्रॉनमधला फरक दोन, जो Mg²⁺ चा एकट्याचा, म्हणजे ताळा तसाच चोख लागतो. तेवढ्या चौकटीचा जवळून काढलेला फोटो येईपर्यंत ते प्रश्नचिन्ह खोडू नका.